फुलं इथं, पिशवी घरी

रविवारी सकाळी सात वाजता पुण्यात मुठेच्या काठावर हातमोजे वाटले जातात, पोती उघडली जातात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "घोषणा काय द्यायची?" तेवढ्यात फलक येतो. त्यावर असतं "नदी वाचवा, जीवन वाचवा", नाहीतर "जल है तो कल है". फलकामागे उभं राहून फोटो निघतो, सगळे कामाला लागतात आणि दोन तासांनी फलक गुंडाळून गाडीच्या डिकीत जातो. एवढ्या वेळात तो कुणी वाचलेला असतो? ज्यांना नदीत काही टाकायचंच नव्हतं त्यांनी.

घोषणा हे मोहिमेतलं सर्वांत स्वस्त साधन आहे, म्हणून त्यावर कुणी फारसा विचार करत नाही. घमेली, पंजे आणि कचरा उचलायला येणारी महापालिकेची गाडी यांची जुळवाजुळव आठवडाभर चालते. चार शब्द मात्र आदल्या रात्री कुणीतरी सुचवतं. खरं म्हणजे पोत्यात भरलेला कचरा एकदाच निघतो. तो पुन्हा येऊ नये यासाठी स्वयंसेवकांच्या हातात शब्दांखेरीज फारसं काही नसतं. तेव्हा शब्द कुणाला ऐकवायचे, हे आधी ठरवावं लागतं आणि त्यासाठी पोत्यात काय भरलंय ते बघावं लागतं.

शहरातल्या घाटावर सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. शाम्पू-गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, दारूच्या बाटल्या, चपला, डायपर, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी. गाळात रुतलेले कपडे आणि चादरी तर सगळ्यांची परीक्षा बघतात. एक साडी ओढून काढायला तीन माणसं लागतात. आणि या सगळ्यात पुन्हापुन्हा हाताला लागते ती गाठ मारलेली पिशवी. आत कुजलेली फुलं, दुर्वा, सुपारी, कधी उदबत्तीचं पाकीट. फुलं काही दिवसांत विरून जातात, पिशवी वर्षानुवर्षं राहते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी या पिशव्या काही संपलेल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर हेच दृश्य वेगळ्या उंचीवर दिसतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बुडतो. पाणी ओसरल्यावर काठच्या झाडांच्या फांद्यांना चिंध्या आणि पिशव्या लटकलेल्या असतात. पूर कुठवर आला होता ते त्यावरून कळतं. जे लटकत नाही ते मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीच्या जलाशयाकडे जातं.

निर्माल्याची पिशवी टाकणारा माणूस नदीचा वैरी नसतो. उलट नदीला पवित्र मानतो म्हणूनच तो पुलावर येतो. देवाला वाहिलेलं फूल कुणाच्या पायदळी येऊ नये, एवढीच त्याची चिंता असते. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात ते टाकायला त्याचं मन धजत नाही. कामावर जाताना स्कूटर कठड्याशी क्षणभर थांबते, पिशवी खाली जाते, हात जोडले जातात. अनेक पुलांना उंच जाळ्या लावल्या, तर लोक जाळीवरून पिशव्या भिरकावतात. अशा माणसाला "नदी वाचवा" म्हटलं तर तो मान डोलावेल. त्याच्या समजुतीप्रमाणे तो नदीचं काही बिघडवतच नाहीये.

नेमकी हीच अडचण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आली होती. १९८० च्या दशकात महामार्गांवरचा कचरा उचलण्यात तिथे दरवर्षी कोट्यवधी डॉलर जात होते. राज्य सुंदर ठेवा, अशा धाटणीच्या गोड आवाहनांना दाद देणारे लोक मुळात कचरा टाकतच नव्हते. टाकणारे बहुतेक तरुण पुरुष होते, पिकअप गाड्या हाकणारे, कुणाचंही न ऐकणारे, पण टेक्सासचा जाज्वल्य अभिमान बाळगणारे. जाहिरात संस्थेने त्यांच्याच गुर्मीच्या भाषेत घोषणा लिहिली. आपल्याकडच्या बोलीत तिचा अर्थ "टेक्साससोबत पंगा घेऊ नका" असा होईल. १ जानेवारी १९८६ रोजी फुटबॉलच्या एका मोठ्या सामन्याच्या वेळी ती पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर झळकली, गिटारवादक स्टीव्ही रे वॉन याच्या तोंडून. पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवरचा कचरा लक्षणीय घटला. ती घोषणा उचलून इथे आणण्यात अर्थ नाही. गुर्मीची भाषा निर्माल्य घेऊन आलेल्या काकूंना काय कामाची? घेण्यासारखं आहे ते एवढंच, की टाकणारा कोण हे शोधून मग लिहायला बसावं.

आता आपल्या घाटासाठी एक घोषणा घडवून बघू. ऐकणारा ठरला: पिशवीत निर्माल्य घेऊन आलेला माणूस. त्याने काय करायला हवं? फुलं निर्माल्य कलशात टाकावीत आणि पिशवी परत न्यावी. महापालिका गणेशोत्सवात घाटांवर कलश ठेवते, काही ठिकाणी ते एरवीही असतात. मोहिमेच्या गटाने आपल्या पट्ट्यापुरता एखादा कलश वर्षभर चालू ठेवण्याची व्यवस्था आधी करायला हवी. आतली फुलं खतात जाणार याचीही खात्री हवी. ती नसेल तर घोषणा लिहूच नये, कारण "इथे टाकू नका" म्हणताना "मग कुठे?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

ही व्यवस्था असेल तर कलशावर चार शब्द पुरतात: "फुलं इथं, पिशवी घरी." यात ना उपदेश आहे ना दटावणी. माणसाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही आणि हातातल्या दोन वस्तूंचं काय करायचं ते कळतं. "इथं" हा शब्द फलक कलशावरच असेल तरच खरा ठरतो. हीच ओळ चौकात लावली तर निरर्थक होते. चांगल्या घोषणेला बहुधा अशी एक जागा असते.

फलकाची ओळ डोळ्यांसाठी असते. तोंडाने द्यायची घोषणा वेगळी, तिला कानाचं आणि छातीतल्या हवेचं गणित लागतं. मराठी माणसाच्या कानात मुरलेल्या दोन सरकारी घोषणा घ्या: "झाडे लावा, झाडे जगवा" आणि "पाणी अडवा, पाणी जिरवा". ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन, असं मोजलं तर दोन्हींमधला प्रत्येक शब्द चार मात्रांचा निघतो. झाडे चार, लावा चार, झाडे चार, जगवा चार. चार पावलांची चाल आहे ही, चालता चालता म्हणता येते. दुसरी गंमत आशयाची. लावण्यावर काम संपत नाही, जगवावं लागतं. पाणी अडवून भागत नाही, ते जमिनीत जिरायला हवं. म्हणजे घोषणेच्या उत्तरार्धात कामाची पुढची पायरी आहे. "नदी वाचवा, जीवन वाचवा" ही ओळही कानाला वाईट नाही, पण तिच्या दोन्ही अर्धांत मिळून एकही करण्याजोगी कृती नाही. वाचवा म्हणजे नेमकं काय करा?

घोळक्याने द्यायच्या घोषणेला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वाटणी. "गणपती बाप्पा" एकटा म्हणतो, "मोरया" सगळे. लांबचा भाग पुढच्याचा, आखूड भाग गर्दीचा. गर्दीच्या वाट्याला आलेला शब्द दीर्घ स्वरावर संपला तर आवाज मोकळा सुटतो. समजा, आपण मुलांकडून म्हणवून घ्यायला अशी जोडी केली: "फुलं कुठं? कलशात! पिशवी कुठं? घरात!" अर्थ बरोबर आहे, पण ओरडून बघा. शेवटचा "त" दारासारखा आपटून बंद होतो, आवाज घशात अडकतो. शिवाय एक उत्तर चार अक्षरी आणि दुसरं तीन, त्यामुळे गर्दीचा ठेका चुकतो. तेव्हा बदल करू:

फुलं कुठं? झाडाखाली!
पिशवी कुठं? आपल्या घरी!
नदीला काय? काही नाही!

तिन्ही उत्तरं जवळपास सारख्या लांबीची झाली, तिन्ही "ई"वर संपतात. झाडाच्या बुंध्याशी मातीत गेलेलं फूल पायदळी येत नाही, तेव्हा श्रद्धेचा प्रश्नही सुटतो. आणि तिसऱ्या ओळीत मुलांना सर्वांत मोठ्याने ओरडता येतं. हे यमक पंडितांना पसंत पडणार नाही, पण घोषणा काव्यवाचनाला न्यायची नाही.

प्रश्न विचारून उत्तर लोकांच्या तोंडून काढण्याची ही रीत महाराष्ट्रात नवी नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात हेच करत. प्रश्न बाबांचा, उत्तर समोरच्या बायाबापड्यांचं. आपल्याच तोंडून बाहेर पडलेलं उत्तर माणसाला नाकारता येत नाही. आणि कीर्तन असायचं रात्री. त्याआधी बाबा हातात खराटा घेऊन गाव झाडून काढत. हा क्रम रविवारच्या मोहिमेलाही लागू पडतो. सात वाजता स्वच्छ हातमोजे घालून दिलेली घोषणा आणि नऊ वाजता कोपरापर्यंत गाळाने माखलेल्या हातांनी, भरलेल्या पोत्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून दिलेली घोषणा, यांचं वजन एक नसतं. बहुतेक गट सुरुवातीला घोषणा देतात, कारण तेव्हा दम असतो आणि पाहुणे हजर असतात. माझं मत विचाराल तर सुरुवातीला फक्त सूचना द्याव्यात: काच कुठल्या पोत्यात, सुया दिसल्या तर हात न लावता कुणाला बोलवायचं. घोषणा शेवटी.

काही घोषणा उलटा परिणाम करतात. वर्तमानपत्रांचा लाडका शब्द "गटारगंगा" फलकावर आला की वाचणाऱ्याला चीड येईल, असं लिहिणाऱ्याला वाटतं. "रोज हजारो लोक नदीत कचरा टाकतात" हे वाक्यही त्याच जातीचं. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह यावर एक प्रयोग केला होता. अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेलं लाकूड पसरलेलं आहे आणि लोक आठवण म्हणून त्याचे तुकडे खिशात घालतात. संशोधकांनी खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले आणि फलक बदलून पाहिले. पूर्वी आलेल्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदलत चाललंय, असा फलक होता तेव्हा जवळपास ८ टक्के तुकडे गेले. कृपया तुकडे नेऊ नका, एवढंच सांगणारा फलक होता तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. पहिला फलक रडत होता, पण वाचणाऱ्याने त्यातून उचललं ते एवढंच, की सगळेच नेतात. "गटारगंगा" वाचून पुलावरचा माणूस तसंच म्हणतो: एवढं सगळं आहेच, माझ्या एका पिशवीने काय होणार!

म्हणून गर्दीचा उल्लेख करायचाच असेल तर चांगल्या बाजूच्या गर्दीचा करावा आणि तो खरा असावा. "गेल्या रविवारी या कलशात बारा घमेली फुलं जमली" असं खडूने लिहिलेली पाटी दर आठवड्याला बदलता येते. आकडा मात्र मोजूनच लिहायचा. कलश रिकामा आणि पाटीवर बारा घमेली, असं एकदा दिसलं की संपलं. दटावणीच्या पाट्यांचं मात्र मला कौतुक नाही. "येथे कचरा टाकणाऱ्याच्या" पुढे काहीही लिहून पाहिलेल्या भिंती गावोगाव आहेत आणि त्यांच्याच पायथ्याशी ढीग आहेत. "हुकुमावरून" या शब्दाने तर हुकूम कुणाचा हेही कधी कळू दिलं नाही.

दुसरी फसवी ओळ म्हणजे "चला, नदी स्वच्छ करू या". हेतू चांगला, पण दोन तासांत नदी स्वच्छ होत नाही. स्वच्छ होतो तो काठाचा पन्नास-शंभर मीटरचा पट्टा. उन्हाळ्यात पुणे शहरातल्या मुठेच्या पात्रात जे वाहताना दिसतं, त्यात धरणाचं पाणी नावापुरतं आणि बरंचसं सांडपाणी असतं. काळपट रंग आणि वास त्याचा असतो. हजार माणसांनी पोती भरली तरी तो जात नाही, त्यासाठी मैलापाणी प्रक्रिया केंद्रांपर्यंत पोहोचावं लागतं आणि केंद्रं नीट चालावी लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदले आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात आहेत, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. ही वर्गवारी पाण्याची तपासणी करून केलेली आहे, काठावरच्या पिशव्या मोजून नव्हे. नदी स्वच्छ करण्याचं वचन देऊन बोलावलेला तरुण तिसऱ्या रविवारी काळं पाणी बघून म्हणतो, काही फरक पडत नाही, आणि चौथ्या रविवारी येत नाही.

त्याला आधीच खरं सांगितलेलं बरं. निमंत्रणाच्या ओळीत वेळ आणि काम असावं: "रविवारी सात ते नऊ, हातमोजे घालून येऊ." दोन्ही अर्ध्या ओळी नऊ-नऊ अक्षरांच्या आहेत, कधी सुटणार हे आधीच कळतं आणि घरून काय आणायचं तेही. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक आवाहन वाचलं जात नाही, ही ओळ मात्र घरातली लहान मुलं पाठ करून आईबापांना ऐकवतात. खाली पट्टा लिहावा, या घाटापासून त्या पुलापर्यंत. तेवढा स्वच्छ झाला की काम झालं, असं सगळ्यांना एकत्र म्हणता येतं.

सांडपाण्याबद्दल बोलायचंच नाही असं नाही, पण त्याचा श्रोता वेगळा. "आधी शुद्ध करा, मग नदीत सोडा" ही ओळ महापालिकेसाठी आहे. ती निवेदनाच्या माथ्यावर शोभते, प्रभागाच्या बैठकीत ऐकू यायला हवी. पुलावरच्या काकूंसमोर ती ओरडून उपयोग नाही. उलट, त्यांना तेवढंच हवं असतं: "आधी तुमचे नाले बंद करा, मग माझ्या फुलांकडे बघा." या उत्तरात तथ्य आहे, म्हणूनच दोन श्रोत्यांच्या घोषणा एकाच फलकावर लिहू नयेत.

आता फलकाविषयी. स्वच्छतेचा संदेश बहुतेक वेळा फ्लेक्सवर छापला जातो आणि फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. कठड्याला सुतळीने बांधलेला तो फलक जूनच्या पहिल्या वादळात सुटतो आणि नदीत जातो; पुढच्या मोहिमेत तो गाळातून ओढून काढावा लागतो, वर पाहुण्यांचे फोटो जसेच्या तसे. त्यापेक्षा जुन्या चादरीवर रंगवलेला कापडी फलक बरा, मोहिमेनंतर घडी घालून घरी नेता येतो. कायमची ओळ हवी असेल तर भिंतीवर ऑइल पेंट. त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे आणि तो सद्हेतूला सवलत देत नाही.

अक्षर किती मोठं काढायचं याचा पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: दर तीन मीटर अंतराला एक इंच उंची. पुलावर पंधरा मीटरवरून वाचायचं असेल तर पाच इंचांचं अक्षर हवं. मराठीत वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, म्हणून दोन ओळींत अंतर सढळ ठेवावं. ताशी तीस किलोमीटरने जाणारा स्कूटरवाला सेकंदाला आठ मीटर पुढे सरकतो, म्हणजे त्या पंधरा मीटरना त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात चार शब्द जेमतेम वाचून होतात. प्रायोजकांची नावं, बोधचिन्हं आणि अध्यक्षांचा फोटो घातला की ते चारही जातात. आणि फलक पुलाच्या तोंडाशी लावू नये. पिशव्या कुठून पडतात ते खालच्या ढिगांवरून कळतं. बरोबर त्याच्या वरच्या कठड्यावर, हाताच्या उंचीला, कलश कुठल्या बाजूला आणि किती पावलांवर आहे ते बाणाने दाखवावं.

घोषणा चालली की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. त्यासाठी एकच गोष्ट मोजावी: गाठ मारलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. पूर्ण कचरा मोजायला गेलं की दगड, गाळ आणि ओल्या कपड्यांचं वजन सगळा हिशेब बिघडवतं. काठाचे ठरावीक पन्नास पावलांचे अंतर आखून घ्यावे, फलक लावण्याआधी निदान चार रविवार तिथल्या पिशव्या मोजाव्यात, मग फलक लावून पुन्हा चार रविवार. शेजारच्या एखाद्या पुलाखाली फलक न लावता तेवढ्याच पिशव्या मोजत राहिलं तर आणखी बरं, कारण श्रावण, गणपती आणि नवरात्रात आकडा आपोआप फुगतो आणि मग घोषणा फसली असा गैरसमज होतो. दोन्ही पुलांचे आकडे सारखेच वरखाली झाले तर तो सणाचा परिणाम. फलकाच्या पुलाखाली घट झाली आणि कलशात फुलं वाढली, तर ओळ लागू पडली. पिशव्या घटल्या पण कलश रिकामाच, तर लोक फक्त पुढच्या पुलावर जायला लागलेत, एवढाच त्याचा अर्थ. मग बाण आणि कलश तिकडेही न्यायचे.